उणे उणे अधिक: एका उपसा योजनेचा हिशोब

प्रकल्पाच्या हिशोबात चिन्ह चुकले की रक्कम नुसती गळून जात नाही, ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसते. वर्षाला ८० लाख रुपयांचा खर्च मांडायचाच राहिला, तर हिशोब ८० लाखांनी चुकतो. तोच खर्च वजा होण्याऐवजी मिळवला गेला, तर चूक १ कोटी ६० लाखांची होते, कारण जे पैसे जायचे होते ते गेले नाहीतच आणि वर तेवढेच आल्याचे दिसले. मोठ्या खर्चाच्या बाबतीत एवढा फरक तोट्यातल्या योजनेला घसघशीत नफ्यात नेऊन ठेवायला पुरतो.

ज्या योजनांमध्ये उभारणीपेक्षा चालवण्याचा खर्च जड असतो, तिथे हा धोका जास्त. उपसा सिंचन योजना हे त्याचे ठळक उदाहरण. नदीकाठी जॅकवेल बांधली, पंप बसवले, लोखंडी नळ टेकडीपर्यंत नेले, की बांधकाम संपते. वीजबिल मात्र त्यानंतर सुरू होते आणि योजना चालेल तोवर येत राहते. पुढे दिलेली योजना आणि तिच्यातली माणसे हा प्रकार समजावा म्हणून कल्पिलेली आहेत. सूत्रे, पंपाचे गणित आणि संगणकाचे वागणे मात्र खरे आहे.

योजना ३०० हेक्टरांची, म्हणजे साधारण ७५० एकरांची. नदीतून पाणी उचलून माथ्यावरच्या वितरण हौदात सोडायचे आणि तिथून शेतात न्यायचे. पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत उसाला आणि इतर पिकांना मिळून वर्षाला सरासरी एक मीटर खोलीचे पाणी द्यायचे ठरले. ३०० हेक्टरांवर एक मीटर म्हणजे ३० लाख घनमीटर. नदीची पातळी आणि हौदाची पातळी यांतला फरक, त्यात नळातल्या घर्षणाने वाया जाणारा दाब मिळवून, एकूण उचल ९० मीटर धरली.

एक घनमीटर पाणी, म्हणजे एक हजार लिटर, ९० मीटर वर न्यायला किती वीज लागते हे शाळेतल्या पदार्थविज्ञानावरून काढता येते. हजार किलो वजन, गुरुत्वाकर्षणाचा ९.८१ हा आकडा आणि ९० मीटर उंची यांचा गुणाकार केला की ८ लाख ८२ हजार ९०० ज्यूल येतात. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा तात्त्विक गरज ०.२४५ युनिटाची. पंप आणि मोटर मिळून ७० टक्के कार्यक्षमता धरली, तर प्रत्यक्षात ०.३५ युनिट लागते. ३० लाख घनमीटरला साडेदहा लाख युनिट. प्रतियुनिट ६ रुपये हा दर गृहीत धरला, तर वर्षाचे बिल ६३ लाख रुपये. पंपचालकांचे पगार, ग्रीस-पॅकिंग, मोटर जळाली तर रिवाइंडिंग, पावसाळ्यानंतर जॅकवेलमधला गाळ काढणे, असे सगळे मिळून आणखी १७ लाख. एकूण चालू खर्च वर्षाला ८० लाख.

दुसऱ्या बाजूला फायदा. कोरडवाहू शेत बागायती झाल्यावर बी-बियाणे, खते आणि मजुरी वजा जाता एकरी २० हजार रुपये जास्त उरतील असा अंदाज धरला, म्हणजे ७५० एकरांवर दीड कोटी. उभारणीचा खर्च ८ कोटी. योजनेचे आयुष्य २० वर्षे.

दीड कोटी आणि ८० लाख यांतला फरक वर्षाला ७० लाख. वीस वर्षांत १४ कोटी येतात आणि घातले होते ८ कोटी. वरवर पाहता ६ कोटी उरतात, पण असा हिशोब कोणतीही बँक मान्य करत नाही, कारण विसाव्या वर्षी मिळणारा रुपया आजच्या रुपयाच्या तोडीचा नसतो. आज हातात असलेला रुपया १० टक्क्यांनी गुंतवला तर वर्षाने १ रुपया १० पैसे होतात. उलटे म्हटले तर वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत ९० रुपये ९१ पैसे. विसाव्या वर्षाच्या १०० रुपयांची आजची किंमत १४ रुपये ८६ पैसे एवढीच भरते. अशा रीतीने पुढच्या प्रत्येक वर्षाची रक्कम आजच्या किमतीत आणून सगळ्यांची बेरीज-वजाबाकी केली की निव्वळ वर्तमान मूल्य मिळते. ते शून्याच्या वर असेल तर योजना १० टक्क्यांपेक्षा जास्त परतावा देते, खाली असेल तर तेवढा देत नाही.

दर वर्षी सारखीच रक्कम येत असेल तर वीस वेळा गुणाकार करावा लागत नाही. १० टक्के दराने वीस वर्षे दर वर्षी मिळणाऱ्या एका रुपयाची आजची एकूण किंमत ८ रुपये ५१ पैसे. या ८.५१ने वार्षिक रक्कम गुणायची. फायद्याचे आजचे मूल्य १२ कोटी ७७ लाख येते, चालू खर्चाचे ६ कोटी ८१ लाख. फायद्यातून चालू खर्च आणि ८ कोटींची उभारणी वजा केली की उरतात उणे २ कोटी ४ लाख. योजना शेतकऱ्याला पाणी देईल, बांधकामही नीट होईल, पण गुंतवलेल्या पैशावर १० टक्के सुटणार नाहीत. सुटतील जेमतेम ६ टक्के.

प्रकल्प अहवालात मात्र निव्वळ वर्तमान मूल्य ११ कोटी ५८ लाख छापलेले होते आणि परताव्याचा दर साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. हिशोब एक्सेलमध्ये होता, रकमा लाखांत होत्या, आणि महत्त्वाचे रकाने एवढेच होते:

```
B1  10%               दर
B2  20                वर्षे
B3  800               उभारणी
B4  150               वार्षिक फायदा
B5  80                वार्षिक चालू खर्च
B6  =PV(B1,B2,-B4)    1277.03
B7  =PV(B1,B2,B5)     -681.09
B8  =B6-B3-B7         1158.12
```

एक्सेलच्या `PV` या सूत्राची एक खोड आहे. त्याला हप्त्याची रक्कम धन दिली की उत्तर ऋण येते, ऋण दिली की धन. याला कारण आहे. ही सूत्रे कर्जाच्या हिशोबाच्या रिवाजावर बेतलेली आहेत, आणि त्या रिवाजात हातात येणारा पैसा धन आणि हातातून जाणारा ऋण मानतात. आज बँकेकडून कर्ज घेतले तर ते येते, म्हणून धन; पुढचे हप्ते जातात, म्हणून ऋण. दोन्ही बाजू एकमेकींच्या विरुद्ध चिन्हांच्याच असणार. आर्थिक गणकयंत्रांतही हाच रिवाज आहे आणि बँकेत काम करणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. अभियंत्याला मात्र फक्त वर्तमान मूल्याचा आकडा हवा असतो, तो कोणत्या दिशेने वाहतो याच्याशी त्याला देणेघेणे नसते, आणि तिथेच पाय घसरतो.

अहवाल करणाऱ्याने फायद्याच्या ओळीत हे सांभाळले होते. `B4`च्या आधी उणे लावले, उत्तर १२७७ धन आले. खर्चाच्या ओळीत उणे लावले नाही, उत्तर उणे ६८१ आले. ते पाहून तो दचकला नाही, कारण खर्चाच्या पुढे उणे चिन्ह दिसणे सगळ्यांना स्वाभाविक वाटते. मग शेवटच्या ओळीत त्याने सवयीने खर्च वजा केला. उणे ६८१ वजा करणे म्हणजे ६८१ मिळवणे. दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. खर्च ऋण दाखवून शेवटी बेरीज केली असती तरी चालले असते, खर्च धन दाखवून वजाबाकी केली असती तरीही. त्याने दोन्ही रिवाज एकाच कागदावर वापरले, आणि ६ कोटी ८१ लाखांचा खर्च तेवढ्याच रकमेचा फायदा होऊन बसला. खऱ्या आणि छापील उत्तरातला फरक १३ कोटी ६२ लाखांचा, म्हणजे ६ कोटी ८१ लाखांच्या बरोबर दुप्पट.

हा अहवाल सल्लागाराकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून बँकेकडे गेला. बँकेने प्रकरण छाननीसाठी एका छोट्या तांत्रिक कार्यालयाकडे पाठवले. तिथे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन दोनेक वर्षे झालेली एक तरुणी कामाला होती. तिच्याकडे आलेले काम अगदी किरकोळ होते: विजेचा दर ६ रुपयांऐवजी ७ रुपये धरून आकडे नव्याने काढायचे आणि अहवालाच्या मागे एक पान जोडायचे. साडेदहा लाख युनिटांवर एक रुपया म्हणजे वर्षाला साडेदहा लाख रुपये. तिने ८०च्या जागी ९०.५ टाकले. शेवटच्या रकान्यातला ११५८ हा आकडा १२४७ झाला.

तिला उत्तर काय यावे याचा अंदाज आधीच होता, आणि या सगळ्या प्रकरणात खरे काम त्या अंदाजाने केले. साडेदहा लाखांना साडेआठने गुणले की ८९ लाख. म्हणजे योजनेचे मूल्य ८९ लाखांनी खाली यायला हवे होते. ते तेवढ्याच रकमेने, पैशापर्यंत तंतोतंत, वर गेले होते. आकडा बरोबर, दिशा उलटी. टंकताना बोट घसरले असते तर रक्कमही भलतीच आली असती. रक्कम जुळते आणि दिशा तेवढी फिरलेली असते, तेव्हा चिन्हाखेरीज दुसरे कारण सहसा नसते.

“सर, वीज महाग केली की योजना जास्त फायद्याची होतेय,” ती वरिष्ठांना म्हणाली.

“दर चुकीच्या खान्यात घातला असशील.”

खाना बरोबर होता. मग तिने `B5`मध्ये शून्य भरले. वीज फुकट, पगार फुकट, दुरुस्ती फुकट. योजनेचे मूल्य ११५८ वरून ४७७ लाखांवर आले. या कागदानुसार सगळे फुकट मिळाले तर योजनेचे पावणेसात कोटींहून जास्त नुकसान होत होते. यानंतर वरिष्ठांनी खुर्ची ओढून घेतली आणि दोघांनी सूत्रे एकेक करून वाचायला घेतली. `B7`पर्यंत यायला फारसा वेळ लागला नाही.

खर्चाच्या प्रत्येक रकान्यातली रक्कम थोडी वाढवून शेवटचा आकडा कुठे सरकतो ते पाहणे, आणि मग फायद्याच्या रकान्यांचे तेच करणे, ही चिन्हाची चूक पकडण्याची सर्वांत भरवशाची रीत आहे. त्यासाठी सूत्र वाचता येण्याची गरज नाही. खर्च वाढला की उत्तर खाली आले पाहिजे, फायदा वाढला की वर. गंमत अशी की ही तपासणी मूळ अहवालात झालेली होती. परिशिष्टात संवेदनशीलतेचे एक कोष्टक होते, असे कोष्टक बँका मागतातच. त्यात फायदा १० टक्क्यांनी घटला तर मूल्य १० कोटी ३० लाख आणि चालू खर्च १० टक्क्यांनी वाढला तर १२ कोटी २६ लाख असे छापलेले होते. मूळ मूल्य ११ कोटी ५८ लाख. खर्च वाढल्यावर मूल्य वाढलेले त्या पानावर स्वच्छ दिसत होते. पण असे कोष्टक वाचणारे बहुतेकजण फक्त एकच गोष्ट पाहतात: सगळ्या ओळी शून्याच्या वर आहेत ना? होत्या. त्यावरून योजना भक्कम असल्याचा निष्कर्ष सल्लागाराने त्याच पानाखाली लिहून ठेवला होता.

दुसरी तपासणी त्याहून सोपी, आणि तिला संगणकही लागत नाही. व्याज धरलेच नाही तर योजनेतून वीस वर्षांत निव्वळ किती उरते? १४ कोटी वजा ८ कोटी, म्हणजे ६ कोटी. उभारणीचा खर्च आधी होतो आणि त्यानंतर दर वर्षी शिल्लकच पडते अशा योजनेत वटावाचा दर लावल्यावर भविष्यातल्या रकमा लहानच होतात, मोठ्या कधीच होत नाहीत. तेव्हा निव्वळ वर्तमान मूल्य या ६ कोटींच्या वर जाऊ शकत नाही. अहवालात ते ११ कोटी ५८ लाख होते. म्हणजे अहवालाचा दुसरा कुठलाही भाग न वाचता, पाकिटाच्या पाठीवर तीन आकडे मांडून, तो चुकला असल्याचे सांगता आले असते. कुठे चुकला हे मात्र त्यावरून कळत नाही.

तिने कार्यालयाला दिलेल्या टिपणात तिसरीही एक खूण नोंदवली होती. खरे उत्तर आणि छापील उत्तर यांतल्या फरकाला दोनने भागले की बरोबर खर्चाच्या ओळीतली रक्कम मिळते. हिशोबात दोन आकडे जुळत नसतील तर फरकाचा निम्मा आकडा कागदावर कुठे दिसतो का ते शोधायचे, ही जमाखर्च लिहिणाऱ्या मुनीम मंडळींची जुनी युक्ती. जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट येतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

या दुपटीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. फिडेलिटी या कंपनीचा मॅजेलन हा त्या काळचा अतिशय मोठा म्युच्युअल फंड. १९९४च्या अखेरीस फंडाने गुंतवणूकदारांना प्रत्येक युनिटमागे ४ डॉलर ३२ सेंट वाटप होण्याचा अंदाज कळवला होता. नंतर सांगावे लागले की वाटप होणार नाही. फंडाला १.३ अब्ज डॉलरचा निव्वळ भांडवली तोटा झाला होता. आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवताना हिशोबनिसाकडून त्याच्यापुढचे उणे चिन्ह सुटले आणि तोटा नफा म्हणून धरला गेला. अंदाज चुकला तो २.६ अब्ज डॉलरने. जानेवारी १९९५मध्ये कंपनीने गुंतवणूकदारांना पत्र लिहून हा खुलासा केला. तिथे सूत्रात गफलत नव्हती, नक्कल करताना चिन्ह गळले होते. परिणाम मात्र त्याच जातीचा.

उपसा योजनेच्या अहवालावर संस्थेच्या संचालकांची, सल्लागाराच्या प्रमुखाची आणि बँकेच्या अधिकाऱ्याची सही होती. यांच्यापैकी कोणी लबाडी केली असे मानायला जागा नाही. चूक उलट्या दिशेने पडली असती, म्हणजे चांगली योजना तोट्यात दिसली असती, तर संस्थेने दुसऱ्याच दिवशी सल्लागाराला फोन केला असता आणि ओळन्‌ओळ तपासून घेतली असती. मनासारख्या उत्तराची अशी चौकशी होत नाही. त्यामुळे अहवालात टिकून राहिलेल्या चुका सरासरीने योजनेच्या बाजूनेच झुकलेल्या असतात, जरी करताना त्या दोन्ही बाजूंना सारख्याच होत असल्या तरी.

दुरुस्ती करतानाही एक सापळा आहे. `B7`मध्ये उणे लावून `=PV(B1,B2,-B5)` केले की खर्च ६८१ धन दिसतो आणि `B8`मधली वजाबाकी बरोबर ठरते. उत्तर उणे २०४. किंवा `B7` तसेच ठेवून `B8`मध्ये वजाच्या जागी अधिक लिहिले तरी तेच उत्तर येते. पण एकाने `B7` सुधारले आणि दुसऱ्याने, त्याला न विचारता, `B8` सुधारले, तर दोन दुरुस्त्यांनी मूळ चूक जशीच्या तशी परत येते. म्हणून त्या कार्यालयाने पान नव्यानेच मांडले. वीस वर्षांच्या वीस ओळी, आत येणारी प्रत्येक रक्कम धन, बाहेर जाणारी ऋण, आणि शेवटी फक्त बेरीज. संपूर्ण कागदावर वजाबाकी कुठेच नाही. मांडणी लांबते खरी, पण खर्चाच्या रकान्यात एखादा धन आकडा असला तर तो वेगळा उठून दिसतो, आणि वजाबाकीच नसल्यामुळे उणे उणे अधिक व्हायला वावच उरत नाही.

या मांडणीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. दहाव्या वर्षी पंप आणि मोटारी बदलायचा ६० लाखांचा खर्च मूळ हिशोबात अजिबात नव्हता. दहा वर्षांनंतरच्या या ६० लाखांची आजची किंमत २३ लाख. तो धरल्यावर मूल्य उणे २ कोटी २७ लाखांवर गेले. हाच खर्च उलट्या चिन्हाने घातला गेला असता तर हिशोब ४६ लाखांनी चुकला असता, आणि वरची सहा कोटींची कमाल मर्यादा तपासून तो पकडता आला नसता, कारण एवढा फरक त्या मर्यादेच्या आतच लपतो. एकेक रकाना हलवून पाहण्याची रीत मात्र तोही सापडवते. एका जागी ती रीतही लंगडी पडते: एखाद्या रकान्यात दोन गोष्टींची बेरीज आधीच करून ठेवलेली असेल, आणि त्यांतली एक उलट्या चिन्हाची असेल, तर बाहेरून रकाना हलवला तरी दिशा बरोबरच दिसते. अशा वेळी ती बेरीज सोडवून पाहण्याखेरीज इलाज नसतो.

उत्तर उणे आले म्हणजे योजना रद्द, असे पुढे झाले नाही, व्हायलाही नको होते. तिने प्रश्न फिरवून मांडला: विजेचा दर किती असेल तर योजना १० टक्के परतावा देईल? पंप बदलण्याचा खर्च बाजूला ठेवून पाहिले, तर फायद्याच्या १२ कोटी ७७ लाखांतून उभारणीचे ८ कोटी काढल्यावर ४ कोटी ७७ लाख उरतात. त्यांना ८.५१ने भागले की वर्षाला ५६ लाख. चालू खर्च यापेक्षा जास्त परवडत नाही. त्यातले १७ लाख पगार-दुरुस्तीचे, म्हणजे विजेसाठी ३९ लाख. साडेदहा लाख युनिटांवर वाटले तर दर येतो ३ रुपये ७० पैशांच्या जवळपास. ६ रुपये दर गृहीत धरलेल्या योजनेला ही वीज सुमारे चाळीस टक्के स्वस्त मिळायला हवी.

महाराष्ट्रात उपसा योजनांच्या बाबतीत वीज हाच कायमचा दुखरा भाग राहिला आहे. कृष्णा खोऱ्यातल्या ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या मोठ्या सरकारी योजनांचे पंप थकीत बिलांमुळे बंद पडण्याची वेळ वारंवार आली, आणि पुढे वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकारने व १९ टक्के लाभधारक शेतकऱ्यांनी उचलायचा असे सूत्र ठरले. अशा सवलतीने संस्थेच्या कागदावरचे उणे अधिक होते. समाजाच्या हिशोबात मात्र ती वीज तेवढ्याच किमतीला तयार झालेली असते. फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर जाते. म्हणून छाननीत दोन हिशोब वेगळे ठेवतात, संस्थेच्या दृष्टीचा आणि एकूण अर्थव्यवस्थेच्या दृष्टीचा. पहिल्यात सवलत ही आवक असते आणि धन चिन्हाने येते. दुसऱ्यात ती एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते, तेव्हा तिला कोणतेच चिन्ह मिळत नाही.

तरुणीच्या टिपणात दर कमी करण्याऐवजी उचल कमी करण्याचा एक पर्यायही होता. वीज उंचीच्या प्रमाणात लागते, आणि ९० मीटरचा आकडा ठरला होता तो लाभक्षेत्राच्या सर्वांत वरच्या टोकामुळे. निम्मी जमीन मधल्या टप्प्यावर, साठ मीटर उचलीच्या आत होती. तिच्यासाठी वेगळा हौद बांधून तिचे पाणी तिथेच थांबवले, तर त्या निम्म्या पाण्यावरची एक तृतीयांश वीज वाचते, म्हणजे एकूण बिलातला सहावा भाग, वर्षाला साडेदहा लाख रुपये. ८.५१ने गुणल्यावर त्याचे आजचे मूल्य ८९ लाख. दुसरा हौद आणि वेगळी नळवाहिनी याला ८९ लाखांपेक्षा कमी खर्च येत असेल तर ते करणे शहाणपणाचे, आणि तसे केले तरी योजनेची तूट भरून निघत नाही, निम्म्याच्या आसपास येते. बँकेने अहवाल या दोन आकड्यांसह, परताव्याचा सुधारित दर पहिल्या पानावर टाकून, संस्थेकडे परत पाठवला.